चूक कार्डावर दिसते, पण ती तिथली नसते

आयुष्मान कार्डावर नाव चुकले की माणूस सर्वांत आधी कार्ड काढून देणाऱ्याकडे जातो. बोईसरच्या बाजारात, पालघर स्टेशनच्या आसपास आणि तारापूरच्या वाटेवर अशी कितीतरी सेवा केंद्रे आहेत. ऑपरेटर संगणकावर नाव शोधतो, अंगठा घेतो, पुन्हा केवायसी करतो आणि तेच चुकीचे नाव पुन्हा छापून येते. घरचे वैतागतात, पैसे जातात, आणि ‘सरकारी काम असेच’ म्हणून विषय तिथेच सोडला जातो. आजारपण आले की तो पुन्हा उभा राहतो, तेव्हा हाताशी वेळ नसतो.

हे असे होते कारण कार्डावरची माहिती कार्ड काढताना कोणी लिहीतच नाही. ती दोन जुन्या नोंदींतून येते. कुटुंबात कोण कोण आहे हे रेशन कार्डाच्या संगणकीय यादीतून ठरते, आणि त्यातला प्रत्येक माणूस कोण हे आधारावरून ठरते. कार्ड हा या दोन नोंदी जुळल्याचा छापील पुरावा आहे. दोन्हींपैकी एक चुकीची असेल तर कार्ड कितीही वेळा काढले तरी चूक परत येणार. म्हणून माझे म्हणणे दोन भागांत आहे. पहिला भाग व्यवहाराचा: दुरुस्ती मुळाशी आणि योग्य क्रमाने केली तरच टिकते. दुसरा भाग न्यायाचा: ज्या चुका कुटुंबाने केलेल्याच नाहीत, त्या निस्तरण्याचे सगळे ओझे कुटुंबावर टाकणे चूक आहे, आणि पालघरसारख्या जिल्ह्यात ते ओझे हलवण्याचा कायदेशीर मार्ग आधीपासून उपलब्ध आहे.

आधी योजनेकडे पाहू. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्र चालू लागल्या. केंद्राची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून बनली होती. त्यानंतर लग्न होऊन आलेल्या सुना आणि जन्मलेली मुले तिच्यात असणे शक्यच नव्हते. राज्याची योजना मात्र पहिल्यापासून रेशन कार्डावर उभी होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने आणि १ जुलै २०२४ पासूनच्या अंमलबजावणीने पिवळे, केशरी, पांढरे असे कोणतेही रेशन कार्ड असलेले कुटुंब योजनेत आले आणि वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाऐवजी पाच लाखांचे संरक्षण मिळाले.

यातून एक गोष्ट निघते, जी फार थोड्या घरांना कोणी सांगितलेली असते. महाराष्ट्रात या योजनेचा हक्क रेशन कार्डाला चिकटलेला आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर वैध रेशन कार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र दाखवले की राज्याच्या योजनेतून प्रकरण सुरू होऊ शकते. आयुष्मान कार्ड त्याच्या पुढची सोय देते, आणि पालघरच्या उत्तरेला ही सोय मोठी आहे. ते कार्ड देशभर चालते, म्हणून तलासरी-डहाणूकडचा रुग्ण वापी किंवा वलसाडच्या अंगीकृत रुग्णालयातही दाखल होऊ शकतो. कार्डावर नाव चुकले म्हणजे हक्क गेला असे होत नाही. यादीतून नाव गेले तर मात्र हक्क खरोखर अडतो. घरच्यांनी काळजी करायची ती यादीची.

नोंदणी कशी होते ते थोडक्यात. beneficiary.nha.gov.in या पोर्टलवर किंवा आयुष्मान ॲपवर योजना, राज्य आणि जिल्हा निवडून कुटुंब शोधायचे असते. शोध आधार क्रमांकाने होतो किंवा कुटुंब क्रमांकाने. हा कुटुंब क्रमांक म्हणजे रेशन कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक. पुस्तिकेवर छापलेला जुना अनुक्रमांक वेगळा असतो, आणि ‘तुमचे कुटुंब यादीत नाही’ हे उत्तर पुष्कळदा तोच टाकल्यामुळे मिळते. रेशन दुकानात पॉस मशीनवर अंगठा दिल्यावर जी पावती निघते, तिच्यावर खरा क्रमांक असतो. कुटुंब सापडले की प्रत्येक सदस्यापुढे केवायसीचा पर्याय येतो. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, अंगठा, डोळे किंवा चेहरा यांपैकी एका मार्गाने ओळख पटवली जाते. मग प्रणाली यादीतले नाव, लिंग आणि जन्मवर्ष आधारावरच्या माहितीशी ताडून पाहते. पुरेसे जुळले तर मंजुरी आपोआप मिळते. जुळले नाही तर प्रकरण माणसाच्या तपासणीकडे जाते, आणि तिथे ते थांबू शकते किंवा नामंजूर होऊ शकते.

आता एक घर घेऊ. हे कोणा एका खऱ्या कुटुंबाचे वर्णन नाही, पण यातली प्रत्येक अडचण बोईसरच्या पूर्वेकडच्या गावांत रोजची आहे. घरात आजी, तिचा मुलगा आणि सून, नातू आणि नातसून, आणि सहा महिन्यांचे बाळ. मुलगा तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातो. नातसून उंबरगाव तालुक्यातली, म्हणजे गुजरातची. तिला चालताना धाप लागते. तपासणीत हृदयाची झडप अरुंद झाल्याचे निघाले आहे आणि शस्त्रक्रिया सांगितली आहे. ही शस्त्रक्रिया योजनेत बसते. पण या घराच्या रेशन कार्डावर नातसुनेचे नाव नाही, बाळाचे नाही, आणि आजीचे वय दोन ठिकाणी दोन आहे.

नातसुनेचे काम सर्वांत अवघड. तिचे नाव माहेरच्या रेशन कार्डावर आहे आणि तिथे तिचा आधार जोडलेला आहे. एक आधार दोन रेशन कार्डांवर बसत नाही. त्यामुळे आधी उंबरगावच्या मामलतदार कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग पालघर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नमुना ८ चा अर्ज करून इकडे नाव वाढवायचे. त्यासोबत विवाह नोंदणीचा दाखला मागितला जातो. इथल्या वारली समाजात लग्नविधीचा खर्च झेपत नाही म्हणून अनेक जोडपी आधी संसार मांडतात आणि विधी काही वर्षांनी करतात, कधी मुले झाल्यावर. समाजाच्या दृष्टीने ती नवरा-बायकोच असतात, पण कागद नसतो. नोंदणी ग्रामपंचायतीत होते आणि ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, तरी घरच्यांना ही पायरी पहिली आहे हे कळेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण ती न पाळल्याने माणसे अडकतात. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झाल्यापासून सासरच्या कार्डावर ते चढेपर्यंत मधला काळ असा असतो की ती बाई कोणत्याच यादीत नसते. शस्त्रक्रिया जवळ असताना नाव कमी करण्याची घाई करू नये. आयुष्मान कार्ड प्रत्येक सदस्याचे वेगळे असते. माहेरच्या कुटुंबाच्या यादीत तिचे नाव असेल आणि गुजरातमध्ये तिचे कार्ड निघालेले असेल किंवा निघू शकत असेल, तर ते महाराष्ट्रातल्या अंगीकृत रुग्णालयातही चालते. आधी त्या कार्डावर उपचार पार पाडावेत आणि नाव हलवण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे. आरोग्यमित्राला हे स्पष्ट सांगावे, आणि पोर्टलवर शोधताना राज्य म्हणून गुजरात निवडावे. महाराष्ट्रात शोधले तर ती सापडणार नाही, आणि न सापडणे म्हणजे नसणे असा समज होऊन सगळे परत फिरतील.

आजीचा प्रश्न वेगळा आहे. तिचा जन्मदाखला नाही. आधार काढताना कोणीतरी अंदाजाने वय सांगितले आणि जन्मतारीख १ जानेवारी १९६० अशी बसली. रेशन कार्डावर मात्र जुन्या हस्तलिखित नोंदीवरून ती पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ही तफावत केवायसीत अडते. घरच्यांना वाटते आधार दुरुस्त करावे, कारण रेशन कार्डावरचे वय खरे आहे. पण आधारावर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि त्यासाठी पुरावा लागतो, जो आजीकडे नाही. अशा वेळी खरे काय हा प्रश्न बाजूला ठेवून कोणती नोंद सहज बदलते ते पाहावे लागते. रेशन कार्डावरचे वय नमुना १४ च्या अर्जाने आधाराप्रमाणे करून घेता येते. तसे केले की दोन्ही नोंदी जुळतात आणि कुटुंबाच्या पाच लाखांत आजी सुरक्षित राहते. मात्र याची किंमत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता वय वंदना कार्ड मिळते, त्यात त्यांच्यासाठी वेगळे पाच लाख आहेत, आणि वय मोजले जाते ते आधारावरूनच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला कागदावर सत्तरची होईपर्यंत थांबावे लागणार. हा अन्याय घरच्यांच्या कुठल्याही अर्जाने दूर होत नाही. तो धोरणानेच दूर व्हायला हवा, आणि त्याकडे मी पुढे येतो.

बाळाचे काम सोपे आहे, पण त्यातच पुढच्या चुका पेरल्या जातात. नवजात बाळाचे नाव रेशन कार्डावर नसले तरी जन्मदाखला आणि आई-वडिलांच्या रेशन कार्डावर राज्याच्या योजनेतून त्याचा उपचार होऊ शकतो, म्हणून जन्मदाखला हाच त्याचा पहिला आधार. रुग्णालयातून जन्माची नोंद पाठवली जाते तेव्हा आईचे नाव तिच्या आधारावर जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहून घ्यावे. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असे झाले की वीस वर्षांनी त्या मुलाला आपली आई कोण हे सिद्ध करावे लागते.

नाव हा या सगळ्याचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग, आणि त्याचा भार बाईवर पडतो. आधारावर नाव बदलण्याची संधी आयुष्यात दोनदाच मिळते. लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव बदलले की एक संधी संपली. त्या बदलात ऑपरेटरने इंग्रजीत एखादे अक्षर चुकवले आणि ते दुरुस्त करून घेतले की दुसरी संपली. त्यानंतरच्या बदलासाठी सरळ मार्ग उरत नाही, आधार प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अपवाद म्हणून जावे लागते. म्हणून माझा सल्ला असा की योजनेसाठी म्हणून आधारावर सासरचे नाव लावण्याची घाई करू नये. रेशन कार्डावर आधाराप्रमाणेच, माहेरच्या नावाने, नाव चढवता येते. नाते ‘सून’ किंवा ‘पत्नी’ असे नोंदले की पुरे. रुग्णालयाला माणूस तोच आहे याची खात्री हवी असते, आडनाव बदलल्याची नव्हे. आधारावर नाव बदलायचेच असेल तर पावती हातात घेऊन इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावे अक्षर अक्षर वाचावीत आणि मगच सही करावी.

यातून क्रम तयार होतो. आधी आधार, मग रेशन कार्ड, मग दुकानातल्या मशीनवर रेशनची केवायसी, आणि शेवटी आयुष्मानची केवायसी पुन्हा. उलटा क्रम लावला की पैसे वाया जातात. पुरवठा शाखेत अर्ज दिला की तारखेची पोच घ्यावी, कारण लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते आणि अपिलाची सुरुवात त्या पोचेपासून होते. आयुष्मानची केवायसी नामंजूर झाली तर कारण विचारून लिहून घ्यावे. नाव जुळले नाही की वय, हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल ठरत नाही. उपचारच नाकारला गेला तर १४५५५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. जिल्हा तक्रार निवारण समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि प्रकरण त्यांच्यापर्यंत जाऊ शकते.

बोईसरची दुसरी बाजू एमआयडीसीतल्या चाळींची आहे. उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली कुटुंबे इथे वर्षानुवर्षे राहतात. त्यांची नावे गावाकडच्या यादीत असतात. त्यांनी इथे नवे कार्ड काढण्याच्या मागे लागू नये. पोर्टलवर आपले मूळ राज्य निवडून इथूनच केवायसी करावी. ते कार्ड इथल्या अंगीकृत रुग्णालयात चालते, आणि दुरुस्ती मात्र मूळ राज्यातच होते. कारखान्यात ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे त्यांना राज्य कामगार विमा लागू असतो. तिथे कुटुंबाची नावे मालक किंवा कंत्राटदार भरतो आणि कामगार ती पाहतही नाही. कामावर लागल्याच्या आठवड्यातच आपल्या ई-पहचान कार्डाची प्रत मागून आई-वडील, बायको, मुले यांची नावे तपासावीत. कंत्राट सुटले की हा विमा काही महिन्यांत संपतो, म्हणून तो आहे म्हणून रेशन कार्डाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

आता न्यायाचा भाग. इतकी काटेकोर जुळवणी का, याचे उत्तर सरकारकडे आहे आणि ते गंभीरपणे ऐकले पाहिजे. २०२३ च्या आपल्या अहवालात भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवले की जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांपुढे 9999999999 हा एकच मोबाइल क्रमांक नोंदलेला होता. त्यावर सरकारने सांगितले की मोबाइल क्रमांक ही ओळख पटवण्याची अट नव्हती. तरीही खोटे लाभार्थी आणि न झालेल्या शस्त्रक्रियांची बिले हा खरा धोका आहे, कारण तो पैसा शेवटी गरिबांच्याच उपचारातून जातो. आधारची जुळवणी हवी, यात माझा वाद नाही.

पण फसवणूक आणि तफावत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आजची व्यवस्था त्यांना एकाच चाळणीतून काढते. फसवणूक करणारा आपली कागदपत्रे जुळवून आणतो, तेच त्याचे काम असते. न जुळणारी कागदपत्रे असतात ती अंदाजाने वय लिहिलेल्या आजीची, राज्याची हद्द ओलांडून लग्न झालेल्या मुलीची, डेटा एन्ट्री करणाऱ्याने मराठी नाव इंग्रजीत मनाप्रमाणे उतरवलेल्या माणसाची. या चुका सरकारी टेबलावर झाल्या आहेत. त्या निस्तरण्यासाठी बुडालेली मजुरी, बसचे भाडे आणि सेवा केंद्राचे पैसे मात्र कुटुंबाने द्यायचे, तेही घरात आजारी माणूस असताना, हे कोणत्याही विम्याच्या तत्त्वात बसत नाही. विमा संकटाच्या वेळी आधार द्यायला असतो, आणि इथे संकटाच्या वेळीच परीक्षा घेतली जाते. या जिल्ह्यात ही परीक्षा घरापासून दूर द्यावी लागते. गावातून तहसील, तहसीलमधून आधार केंद्र, आणि नातसुनेसारख्या मुलीचे काम असेल तर राज्याच्या हद्दीपलीकडे.

तत्त्व म्हणून दोन गोष्टी मान्य व्हायला हव्यात. पहिली: बायोमेट्रिकने माणूस तोच असल्याचे सिद्ध झाले असेल आणि फक्त नावाची अक्षरे किंवा जन्मवर्ष यादीशी जुळत नसेल, तर उपचार सुरू व्हावा आणि नोंद दुरुस्त करण्याची जबाबदारी यंत्रणेने घ्यावी. राज्याच्या योजनेत तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी देऊन कागद नंतर घेण्याची पद्धत आधीपासून आहे, म्हणजे तत्त्व मान्य आहे. ते फक्त तातडीच्या प्रकरणांपुरते ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. हृदयाची झडप अरुंद झालेल्या मुलीला आज तातडी नसली तरी सहा महिने थांबणे तिला परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट पालघरच्या हातात आहे. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. गरिबी निर्मूलनाच्या आणि इतर कार्यक्रमांचे लाभार्थी ओळखण्याची जबाबदारी या कायद्याने ग्रामसभेवर टाकली आहे. कुटुंब कोणाचे, त्यात कोण आले, कोण गेले, ही मुलगी या घरची सून आहे की नाही आणि ही आजी सत्तरीच्या आतली आहे की पुढची, हे गाव खात्रीने सांगू शकते. ग्रामसभेने वर्षातून एकदा रेशनची यादी वाचून दाखवावी. तिथे तलाठी, ग्रामसेवक, रेशन दुकानदार, आशाताई आणि पुरवठा शाखेचा माणूस हजर असावा. ज्या घराची नोंद चुकीची, तिचा ठराव तिथेच लिहावा, आणि तो ठराव पुरवठा शाखेने पुरावा म्हणून स्वीकारावा, विवाह नोंदणीच्या आणि वयाच्या प्रश्नातसुद्धा. वय वंदनासाठी जन्मदाखला नसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ग्रामसभेचा ठराव आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला मिळून पुरेसे मानले, तर आजीला कागदावर म्हातारी होण्याची वाट पाहावी लागणार नाही.

याला मर्यादा आहे हे मान्य. ग्रामसभेत हितसंबंध असतात, भाऊबंदकी असते, आणि बोईसरच्या चाळीत राहणाऱ्या परराज्यातल्या कुटुंबाला ग्रामसभा ओळखतही नाही. तिथे हे काम कारखान्याच्या गेटवर आणि रेशन दुकानात शिबिरे घेऊन करावे लागेल. पण जिथे गाव आहे, तिथे गावाची साक्ष नाकारून दूरच्या ऑपरेटरच्या टंकलेखनावर विश्वास ठेवणे, यात सुरक्षितता नाही. त्यात फक्त अंतर आहे, आणि ते अंतर आजारी माणसाला कापावे लागते.

तोवर प्रत्येक घराने एक काम करावे, आणि ते कोणी आजारी नसताना करावे. रेशन दुकानातून ऑनलाइन क्रमांकाची पावती घ्यावी, त्या क्रमांकाखाली घरातली सगळी नावे आहेत का ते पाहावे, आणि प्रत्येक नाव व जन्मवर्ष आधाराशी ताडून पाहावे. एका संध्याकाळचे काम आहे. जी तफावत सापडेल ती आपली चूक आहे असे समजून गप्प बसू नये. ती लिहून, पोच घेऊन तहसीलच्या टेबलावर नेऊन ठेवावी. ती चूक बहुतेक वेळा त्याच टेबलावर जन्मलेली असते, आणि ती तिथेच दुरुस्त व्हावी हे मागणे हा आपला हक्क आहे.